राबाची राख आणि राखीव जंगल

वरळीच्या अभ्यासवर्गातील मुलांना परीक्षेत प्रश्न येतो : आदिवासींनी वनकायद्यांना विरोध का केला? मी त्यांना ठाणे जिल्ह्यातला राब लिहायला सांगतो. पावसाआधी झाडांच्या फांद्या छाटून, वाळवून त्या भाताचे रोप करायच्या जागेवर जाळतात. तणाचे बी मरते, राख खत होते. छाटलेले झाड पुन्हा फुटते. रेल्वेच्या स्लीपरांसाठी मात्र अख्खे झाड पडे. तरी जंगलनाशाचा दोष राबावर आला. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलात परवानगीविना फांदी तोडणे गुन्हा ठरले. फांदी नाही तर राब नाही, राब नाही तर चांगले रोप नाही. तक्रारी वाढल्या, तेव्हा १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला.