चपलेमागचा वाडा

धरा, कोल्हापुरातल्या एका चप्पल-दुकानदाराला दिवाळीच्या खोक्यावर छापायला चित्र हवे आहे. डिझायनर दुकानातच मोबाइलवर चपलांच्या जोडाचा फोटो काढतो. घरी येऊन तो एका मॉडेलकडून फोटोमागची फरशी आणि पाय पुसून घेतो, दुसऱ्याकडून दगडी जोत्याचा, पणत्या लावलेला वाडा काढून घेतो. ओसरीवर नऊवारीतली एक बाई बसवतो, पण तिचा चेहरा काही केल्या जमत नाही. म्हणून तिसऱ्या मॉडेलने तिथे दुकानदाराच्या पुतणीचा चेहरा बसवतो. सगळी मॉडेले इंटरनेटवरून फुकट उतरवलेली, स्वतःच्याच संगणकावर चालवलेली. तासाभरात कॉम्पोझिट तयार.

दुकानदाराच्या दृष्टीने ते एक चित्र आहे. परवान्याच्या दृष्टीने मात्र त्यात तीन वेगवेगळ्या घरचा माल आहे आणि प्रत्येक घरची अट निराळी.

वाड्यापासून सुरुवात करू. तो काढला फ्लक्स या मॉडेलने. ब्लॅक फॉरेस्ट लॅब्ज या जर्मन कंपनीने ऑगस्ट 2024 मध्ये त्याची दोन रूपे सर्वांना उतरवून घेता येतील अशी खुली केली, श्नेल आणि डेव्ह. नावे जुळी, पण कागद वेगळे. श्नेलला अपाची 2.0 परवाना आहे, म्हणजे धंद्यासाठी बिनघोर वापरा. डेव्हची चित्रे जास्त देखणी येतात, म्हणून बहुतेक जण तेच घेतात, आणि त्याचा परवाना अव्यापारी आहे. हगिंग फेस या संकेतस्थळावर, जिथून ही मॉडेले उतरवली जातात, डेव्हच्या पानाच्या माथ्यावर हे लिहिलेले असते:

```
license: other
license_name: flux-1-dev-non-commercial-license
```

श्नेलच्या पानावर तिथेच `license: apache-2.0` दिसते. एवढे पाहायला अर्धा मिनिट पुरते, आणि नेमके तेच राहून जाते.

गंमत पुढे आहे. डेव्हच्या परवान्यात चित्रांविषयी वेगळे कलम आहे. निघालेल्या चित्रावर कंपनी हक्क सांगत नाही आणि ते व्यापारासह कुठल्याही कामी वापरा असे म्हणते, फक्त त्यावर प्रतिस्पर्धी मॉडेल शिकवू नका. हे कलम वाचून अनेक डिझायनर निर्धास्त होतात. पण त्याच कागदात मॉडेल चालवण्याची परवानगी केवळ अव्यापारी हेतूसाठी दिली आहे, आणि ज्या कामातून उत्पन्न होते ते अव्यापारी नव्हे, असा खुलासाही आहे. म्हणजे चित्र विकायला हरकत नाही, पण ते काढायला बसताना धंदा मनात नको! ही कलमे एकत्र कशी वाचायची यावर जाणकारांतही वाद आहेत. दुकानदाराकडून ठरवून पैसे घेऊन केलेले काम मात्र सरळ दुसऱ्या कलमाच्या तडाख्यात येते. त्याने एकतर कंपनीकडून पैसे भरून व्यापारी परवाना घ्यावा, नाहीतर श्नेलवर समाधान मानावे.

मॉडेल चालवण्याचा हक्क एक आणि त्यातून निघालेले चित्र विकण्याचा हक्क दुसरा, ही फोड नवी नाही. ऑगस्ट 2022 मध्ये स्टेबल डिफ्युजन आले तेव्हाच त्याच्या परवान्यात लिहिले होते की चित्रावर आमचा दावा नाही, जबाबदारी तुमची. तिथे व्यापाराला मुभा होती. बंदी होती ती बदनामी, मुलांचे शोषण अशा यादीतल्या वापरांवर. पण म्हणून स्टेबल डिफ्युजन म्हणजे मोकळे, असे समजून चालत नाही. जून 2024 मध्ये त्याच नावाचे तिसरे रूप आले ते अव्यापारी अटीवर. धंद्यासाठी महिना 20 डॉलर आणि वर 6,000 चित्रांची मर्यादा. वापरणारे इतके बिथरले की सिव्हिटाय या मॉडेलांच्या मोठ्या अड्ड्याने ते रूप आणि त्यावर बेतलेली मॉडेले काही काळ बंदच ठेवली. महिन्याभरात कंपनीने अट बदलली. वर्षाला 10 लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना व्यापारही फुकट. परवाना नावाला चिकटत नाही, आवृत्तीला चिकटतो, तो असा.

वाड्याकडे निदान लक्ष तरी जाते. कॉम्पोझिट फसते ते बहुधा किरकोळ वाटणाऱ्या थरांवर. चपलांमागची फरशी पुसणारे मॉडेल होते ब्रिया कंपनीचे आरएमबीजी. काठ इतके सफाईने कापते की अनेक तयार साखळ्यांत तेच घातलेले असते, आणि त्याचा खुला परवाना अव्यापारी आहे. बिरेफनेट नावाचे दुसरे मॉडेल जवळपास तेच काम करते आणि ते एमआयटी परवान्याखाली, म्हणजे धंद्याला मोकळे आहे. अदलाबदल एका खटक्याची. पण आपण नेमके काय चालवतो आहोत हे आधी ठाऊक हवे.

चेहऱ्याचा थर सगळ्यात फसवा. चेहरे बदलणारी बहुतेक फुकट साधने इनसाइटफेस प्रकल्पाच्या मॉडेलांवर उभी आहेत. या प्रकल्पाचा कोड एमआयटी परवान्याखाली आहे. ती एक ओळ वाचून माणूस पुढे जातो. पण त्याच पानावर खाली म्हटले आहे की शिकवण्यासाठी वापरलेली चेहऱ्यांची सामग्री आणि तिच्यावर शिकवलेली मॉडेले फक्त अव्यापारी संशोधनासाठी आहेत. हत्यार मोकळे, पाते नाही. पुतणीने हसत होकार दिला असला तरी हा अडथळा हटत नाही. आणि उलट, मॉडेल मोकळे असते तरी पुतणीची लेखी संमती लागलीच असती, कारण परवाना देणारा दुसऱ्याच्या चेहऱ्याचा मालक नसतो.

कुठला थर कुठून आला हे नंतर कसे कळणार? बऱ्याचदा चित्रच सांगते. कम्फीयूआय या साधनातून निघालेल्या पीएनजी फाइलमध्ये सगळी साखळी लिहून ठेवलेली असते. फाइल परत त्याच साधनात ओढून टाकली की चौकटी उलगडतात आणि `flux1-dev.safetensors`, `inswapper_128.onnx` अशी नावे समोर येतात. तीच फाइल फोटोशॉपमध्ये सपाट करून जेपीजी केली, की हा मजकूर सहसा पुसला जातो. खोके छापणाऱ्याकडे नेमकी ती जेपीजी पोहोचते.

विकता येणे आणि मालकी असणे यांतही अंतर आहे. चपलांच्या गल्लीतल्याच दुसऱ्या दुकानाने हाच वाडा उचलून छापला तर? अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी 2025 मध्ये एका कॉम्पोझिटची नोंद केली. अमेरिकन चीजचा काप कपाळी वितळत असलेल्या बाईचे ते चित्र. इन्व्होक कंपनीच्या प्रमुखाने आधी एक चित्र काढून घेतले आणि मग एकेक भाग निवडून सुमारे 35 वेळा नव्याने भरला. पहिल्यांदा अर्ज फेटाळला गेला. काम कसे घडत गेले याचा व्हिडिओ दिल्यावर नोंद मिळाली, तीही तुकड्यांची निवड आणि मांडणी यांपुरती. सुटे तुकडे कुणाचेच नाहीत. भारतात 1957 च्या कायद्यात संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असे म्हटले आहे. पण ही व्याख्या केली तेव्हा अशी मॉडेले कुणाच्या स्वप्नातही नव्हती, त्यामुळे तिच्यावर खोके टेकवणे धाडसाचे.

आपला डिझायनर शहाणा असेल तर छपाईआधी तीन बदल करील. वाडा श्नेलवर पुन्हा काढील. पणत्या थोड्या फिक्या येतील. चपला बिरेफनेटने कापील. चेहरा बदलण्याचा खटाटोप सोडून पुतणीलाच नऊवारी नेसवून अंगणात बसवील, दोन ओळींच्या संमतीवर सही घेईल आणि तो खरा फोटो वाड्यात बसवील. मूळ पीएनजी, त्या दिवशीच्या परवान्यांच्या प्रती आणि सहीचा कागद एका फोल्डरमध्ये, बिलाशेजारी.