पारण्यावर फुटणारे खापर
अन्न आणि अंग : भाग ९

मागच्या भागात आपण रोजच्या ताटातल्या ऊर्जेचा विचार केला. या आठवड्यात उपवासाचे दिवस आणि त्यांच्या मागोमाग येणारे गोडधोड, या दोहोंचा मिळून वजनावर काय परिणाम होतो ते पाहू. पंचांग उघडून मोजले, तर सगळे उपवास पाळणाऱ्या मराठी माणसाच्या वर्षात २४ एकादश्या, १२ संकष्ट्या, श्रावणातले चार-पाच सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, शिवाय महाशिवरात्र आणि हरतालिका अशी पन्नासेक दिवसांची भरती होते. म्हणजे सरासरी दर आठवड्याला एक उपवास. सातातला एक दिवस खरोखरच निम्मे खाऊन काढला, तर वर्षाकाठी वजन उतरलेले दिसायला हवे. तसे सहसा दिसत नाही, आणि त्याचे खापर आपण पारण्यावर फोडतो: दिवसभर पोट मारले आणि दुसऱ्या दिवशी श्रीखंड-पुरीवर आडवा हात मारला, मग वजन उतरणार कसे? उपलब्ध पुरावा पाहता हे खापर बरेचसे चुकीच्या डोक्यावर फुटते आहे, असे माझे म्हणणे आहे. उपवासाचा फायदा बहुतेक वेळा उपवासाच्या दिवशीच संपलेला असतो. आणि वजन वाढवणारी मेजवानी ही पारण्याची एक पंगत नसते, तर आठवडे चालणारे डबे असतात.

आधी पारण्याची बाजू तपासू. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सडपातळ बांध्याच्या २४ स्त्री-पुरुषांना ३६ तास अन्नाशिवाय ठेवले आणि नंतरच्या दिवशी हवे तितके खाऊ दिले. त्या दिवशी त्यांनी एरवीपेक्षा सरासरी २० टक्के जास्त खाल्ले. भुकेने कासावीस झालेला माणूस दुप्पट खाईल हा अंदाज इथे खोटा ठरतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात तर एक दिवस उपाशी राहिलेल्यांचे पुढच्या चार दिवसांतले खाणे मोजले, तेव्हा उपवासाची भरपाई करण्याइतकी वाढ आढळलीच नाही. याचे कारण असे, की भूक दिवसागणिक साठत जात नाही. काल न खाल्लेली भाकरी आजच्या भुकेत जमा होत नाही. पोट भरल्याची जाणीव आतड्यांतल्या संप्रेरकांवर आणि जठर किती ताणले गेले यावर अवलंबून असते, आणि ती पारण्याच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच कामाला लागते.

आता हेच एका उदाहरणात मांडू. दिवसाला सुमारे १९०० कॅलरी खर्च होणारी, घरकाम आणि बैठी नोकरी करणारी एक मध्यमवयीन बाई समजा. ती एकादशीला दोन पेले दूध, दोन केळी आणि एक राजगिऱ्याचा लाडू एवढ्यावर राहिली, तर तिच्या पोटात ६०० च्या आसपास कॅलरी जातात आणि १३०० ची तूट पडते. द्वादशीला पारण्याच्या जेवणासह तिने एरवीपेक्षा २० टक्के जास्त खाल्ले, म्हणजे ३८० कॅलरी परत आल्या. उरलेली तूट ९२० ची. एक किलो चरबी घटायला साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते, हे धरले तर दर एकादशीला १२० ग्रॅम आणि वर्षाच्या २४ एकादश्यांत सुमारे २.९ किलो वजन उतरायला हवे. प्रत्यक्षात एवढे उतरत नाही, कारण वजन घटले की शरीराचा खर्चही थोडा घटतो आणि मधल्या दिवसांत एखादा घास जास्त जातो. तरी दिशा स्पष्ट आहे: खरा उपवास पारण्याला पुरून उरतो.

आता तीच बाई आपल्याकडे प्रत्यक्षात होते तसा उपवास करते, असे धरा. सकाळ-दुपार साखरेचा चहा, मधल्या वेळी केळ्याचे शिकरण, दुपारी साबुदाण्याची खिचडी, चारला मूठभर बटाट्याचे वेफर्स आणि रात्री वरईचा भात, दाण्याची आमटी, वर तूप. नुसती खिचडी पाहा. शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे ३५० कॅलरी, ४० ग्रॅम दाण्याचे कूट म्हणजे सव्वादोनशे, तीन चमचे तूप म्हणजे १३५ आणि बटाट्याच्या ४०. एकूण ७५० कॅलरी. रोजच्या दोन पोळ्या, भाजी आणि थोडा वरणभात मिळून पाचशे-सहाशे होतात. बशी लहान दिसते, म्हणून आपण कमी खाल्ले असे वाटते. भगर आणि आमटीचे पाचशे, शिकरणाचे अडीचशे, वेफर्सचे दीडशे आणि चहाचे सव्वाशे धरले, तर दिवसाची बेरीज १८०० च्या जवळ जाते. तूट उरते जेमतेम शंभराची. उपवास घडल्याचे समाधान मात्र पुरेपूर असते, आणि त्या समाधानापोटी द्वादशीला साडेचारशेचे गोडधोड जास्त गेले, तर दोन दिवसांचा ताळेबंद ३५० नी वर जातो. वर्षाला एक किलोहून थोडी अधिक चरबी. दोन्ही उदाहरणांत पारणे जवळपास सारखेच आहे. वर्षाअखेर चार किलोंचा फरक पडला तो एकादशीच्या ताटामुळे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही आपली म्हणही बोट दाखवते ते एकादशीकडेच.

यावर पहिली हरकत काट्यावरून घेतली जाते: कडक उपवासानंतर वजन चांगले किलोभर उतरलेले दिसते, मग १२० ग्रॅमचा हिशोब खरा कसा? काटा चरबी आणि पाणी यांत भेद करत नाही. यकृतात आणि स्नायूंत पिष्टमय पदार्थांपासून झालेला ग्लायकोजेनचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. दिवसभर फार कमी खाल्ले की यकृतातला साठा ओसरतो आणि ते पाणी लघवीवाटे निघून जाते. आतड्यांतला ऐवज कमी झालेला असतो, मीठ कमी गेले असेल तर आणखी पाणी सुटते, आणि निर्जळी असेल तर पाण्याचीच तूट असते. द्वादशीला भात-पोळी पोटात गेली की हे सगळे भरून येते. उतरलेले किलोभर वजन आणि पारण्याने ‘वाढवलेले’ किलोभर वजन, दोन्ही बहुतांशी पाणीच. पारणे बदनाम झाले ते मुख्यतः या परतीच्या पाण्यामुळे.

दुसरी हरकत अशी, की उपाशी राहिले की शरीर सावध होऊन ऊर्जेचा खर्च आवरते, म्हणून उपवासाने उलट वजन वाढते. आठवडेच्या आठवडे कमी खाल्ले, तर खर्च घटतो हे खरे. एक-दोन दिवसांच्या उपवासात मात्र विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च घटत नाही, उलट काही प्रयोगांत तो किंचित वाढलेला आढळला आहे. त्यामुळे एकादशीला हा आरोप लागू होत नाही.

तिसरी हरकत जास्त वजनदार आहे. एकेका दिवसाच्या उपवासावरून केलेला हिशोब सलग उपवास आणि त्यानंतरचा सण यांना लागू पडेल का? इथे रमजानचा पुरावा उपयोगी पडतो, कारण धार्मिक उपवास आणि वजन या विषयावर सर्वांत जास्त अभ्यास त्याच महिन्याचे झाले आहेत. २०१४ साली अशा ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात महिन्याअखेर सरासरी सव्वा किलो वजन उतरलेले दिसले. रोज संध्याकाळी इफ्तारचे भरपूर खाणे असूनही ते उतरले, हे लक्षात घ्यायला हवे. पण रमजाननंतरच्या दोन आठवड्यांत त्यातले सुमारे पाऊण किलो परत आले. ईदची मेजवानी एक-दोन दिवसांची. तेवढ्याने पाऊण किलो चरबी वाढत नाही. परतलेल्या वजनात काही पाणी असते, आणि उरलेले येते ते जुने खाणे पुन्हा सुरू झाल्यामुळे. नियम महिन्यापुरता होता, म्हणून त्याचा परिणामही बराचसा महिन्यापुरताच राहिला.

मग मेजवानी निर्दोष म्हणायची का? नाही, फक्त कोणती मेजवानी, ते नेमके पाहायला हवे. संकष्टीला दिवसभर फळांवर राहून चंद्रोदयानंतर वरणभात आणि तुपासह पाच उकडीचे मोदक खाल्ले, तर मोदकाला दोनशे कॅलरी धरूनही दिवसाची बेरीज १७०० च्या आसपास राहते, म्हणजे खर्चाच्या आतच. याउलट दिवाळीच्या डब्यातल्या दोन चकल्या आणि एक बेसनाचा लाडू चहाबरोबर रोज घेतला आणि दोन्ही वेळचे जेवण तसेच ठेवले, तर रोज सव्वातीनशे कॅलरी जास्त जातात. पंधरा दिवसांत पाच हजार, म्हणजे सहाशे ग्रॅमहून अधिक चरबी. चकली-लाडवाने कुणाला मेजवानी झाल्यासारखे वाटत नाही, म्हणूनच त्या दिवसांत जेवण कमी होत नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५ प्रौढांचे वजन नोव्हेंबर ते जानेवारी या सणांच्या हंगामात सरासरी ०.३७ किलो वाढले. वाढ लहान होती, पण ती पुढच्या महिन्यांत उतरली नाही, आणि वर्षभरात वाढलेल्या वजनाचा मोठा हिस्सा तिचाच होता.

शेवटची हरकत श्रद्धेची: उपवास देवासाठी असतो, वजनासाठी नाही. हे पूर्ण मान्य आहे, आणि तसे असेल तर खिचडीलाही कुणी आक्षेप घ्यायचे कारण नाही. फक्त वजन उतरण्याचे श्रेय मग त्या उपवासाला देऊ नये. ज्यांना दोन्ही हवे आहे, त्यांनी द्वादशीच्या सकाळी काट्यावर उभे राहू नये. आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी अनशापोटी वजन करून त्याची सरासरी धरावी आणि ती महिन्या-महिन्याने ताडून पाहावी. ती हलत नसेल, तर पारण्यातले श्रीखंड कमी करण्याआधी एकादशीचे दाणे, तूप आणि वेफर्स मोजावेत. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी, कारण नेहमीचे औषध आणि रिकामे पोट यांतून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साबुदाणा, वरई आणि राजगिरा हे उपवासाचे म्हणून एकाच पंक्तीला बसवले जात असले, तरी रक्तातल्या साखरेवर त्यांचा परिणाम सारखा नसतो. तो पुढच्या भागाचा विषय.