चावी कोडमध्ये ठेवायची नाही : टेलिग्राम बॉटचं टोकन आणि गिटची न विसरणारी वही

मागच्या भागात आपण मोबाईलवर टर्मक्स टाकून पायथनमध्ये छोटा टेलिग्राम बॉट बनवला होता. त्यानंतर सगळ्यात जास्त व्हॉइस नोट एकाच प्रश्नाच्या आल्या: "दादा, कोड गिटहबवर टाकायचा आहे, पण टोकनचं काय करू?" प्रश्न लाखमोलाचा आहे, म्हणून आजचा अख्खा भाग त्यालाच दिला. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

आधी एक उदाहरण धरून चालू. समजा, घोट, आष्टी, मार्कंडा या बाजूच्या धान उत्पादक शेतकऱ्यांसाठी तुम्ही एक बॉट बनवला. कोणी त्याला गावाचं नाव पाठवलं की बॉट पावसाचा अंदाज सांगतो. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले आणि वैनगंगेचं पाणी वाढणार असलं, तर बॉट स्वतःहून सगळ्यांना निरोप धाडतो. दोनशे लोक जोडले गेलेत. बॉटचा निरोप आला म्हणजे खरा, असा त्यांचा विश्वास बसलाय.

हा बॉट चालतो तो बॉटफादरने दिलेल्या एका टोकनवर. आधी आकडे, मग कोलन, मग अक्षरांची लांब माळ. टेलिग्रामचं सर्व्हर तुमचं नाव विचारत नाही, मोबाईल नंबर विचारत नाही, ओटीपी पाठवत नाही. ज्याच्या हातात टोकन, तो बॉटचा मालक. टोकन मिळालेला माणूस बॉटला येणारे नवे मेसेज वाचू शकतो. मेसेज पाठवणाऱ्याचा चॅट आयडी त्यात असतोच, म्हणजे त्याला उत्तरही देऊ शकतो, आणि ते उत्तर तुमच्याच बॉटच्या नावाने जातं. "धानाच्या बोनससाठी या लिंकवर बँकेची माहिती भरा," असा निरोप ओळखीच्या बॉटकडून आला, तर किती जण थांबून विचार करतील? म्हणून टोकनला कोडमधली एक ओळ समजू नका. ती घराची चावी आहे.

गिट म्हणजे फेरफाराची वही

बहुतेकांना वाटतं, चुकून टोकन गिटहबवर गेलंच तर ती ओळ काढून पुन्हा पुश करू, झालं. इथेच गडबड होते.

तलाठ्याकडची फेरफार नोंदवही आठवा. जमीन आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आली की नवीन नोंद होते. जुनी नोंद कोणी खोडत नाही, पानं उलटली की ती दिसते. गिटचं अगदी तसंच आहे. प्रत्येक कमिट ही नवी नोंद. "टोकन काढलं" असा कमिट केला, तर आजच्या फाईलमध्ये टोकन दिसणार नाही, पण मागच्या पानावर ते जसंच्या तसं राहील. वरून तुम्ही "टोकन काढलं" असं लिहून कुठलं पान उघडायचं तेही सांगून ठेवलं!

सार्वजनिक रिपॉझिटरीची पानं उलटायला माणूस बसलेला नसतो. नव्या कमिटांमध्ये चाव्यांसारखी दिसणारी अक्षरं शोधणारे प्रोग्राम सतत चालू असतात. रात्री पुश केलं आणि सकाळी काढलं, एवढ्या वेळात ते टोकन गेलं असंच समजायचं.

ही चूक फक्त शिकाऊ पोरांची असते असंही नाही. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेचं काम एका बाहेरच्या कंत्राटदाराकडे होतं. त्याने कोडचा एक भाग डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर टाकला आणि रिपॉझिटरी सार्वजनिक राहिली. त्या कोडमध्ये डेटा सर्व्हरची चावी होती. हे लक्षात आलं १५ सप्टेंबर २०२२ ला, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी. २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक उघडे पडले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली. खरंच कोणी आत आलं होतं का, हे कंपनीला खात्रीने सांगता आलं नाही. चावी हरवली याचं हेच दुखणं आहे. कुलूप तुटलेलं दिसत नाही.

मग ठेवायचं कुठे?

टोकन वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचं आणि ती फाईल गिटला दाखवायचीच नाही. त्या फाईलला बहुतेक जण `.env` असं नाव देतात. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी गिटला मनाई करायची, मग फाईल बनवायची. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, पहिल्या कमिटच्या आधी, एवढं करा:

```
echo ".env" >> .gitignore
git check-ignore -v .env
```

दुसऱ्या कमांडने `.gitignore` चं नाव, ओळ क्रमांक आणि `.env` असं उत्तर दिलं, तर मनाई लागू झाली. काहीच छापून आलं नाही, तर लागू झालेली नाही. नावात चूक आहे का बघा. मोबाईलवरचे काही एडिटर नावापुढे गुपचूप `.txt` जोडतात, तेही तपासा.

आता `nano .env` उघडून आत एक ओळ लिहा:

```
BOT_TOKEN=इथे_तुमचं_टोकन
```

`echo` वापरून टोकन फाईलमध्ये टाकू नका. टर्मक्स तुमच्या कमांडांचा इतिहास जपून ठेवतं, टोकन तिथेही राहील. प्रोजेक्ट टर्मक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्येच असू द्या. डाउनलोड्समध्ये ठेवला, तर स्टोरेजची परवानगी मिळालेली दुसरी ॲप तो वाचू शकतात.

मग `pip install python-dotenv` करा आणि कोडमध्ये टोकनच्या जागी हे लिहा:

```python
import os
from dotenv import load_dotenv

load_dotenv()
TOKEN = os.environ["BOT_TOKEN"]
```

टोकन सापडलं नाही तर प्रोग्राम `KeyError` देऊन तिथेच थांबेल. थांबू द्या. अडचण आली म्हणून "तात्पुरतं" टोकन कोडमध्ये चिकटवायचं नाही. तात्पुरतं चिकटवलेलंच कायमचं राहतं.

मित्रासोबत काम करत असाल तर `.env.example` नावाची फाईल गिटमध्ये टाका. तिच्यात `BOT_TOKEN=` एवढंच लिहा, पुढे रिकामं. कुठली चावी लागते ते त्याला कळेल, चावी मिळणार नाही.

मनाई करूनही टोकन कुठून निसटतं?

पहिली वाट: `.env` आधीच एकदा कमिट झालेली असते. `.gitignore` फक्त नव्या फायलींना अडवते. वहीत आलेल्या फाईलवर तिचा काही जोर चालत नाही. तपासायला हे चालवा:

```
git log --all --oneline -- .env
```

एकही ओळ आली, तर ती फाईल इतिहासात आहे. `git rm --cached .env` केल्यावर पुढच्या कमिटपासून ती सुटेल, पण मागची पानं तशीच राहतील.

दुसरी वाट खास आपल्या मोबाईलवाल्यांची. कमांडचा कंटाळा येतो, मग ब्राउझरमध्ये गिटहब उघडून "Upload files" ने सगळ्या फायली टाकल्या जातात. तिथे तुमची `.gitignore` कोणी विचारत नाही, निवडाल ते चढतं. प्रोजेक्टची झिप करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तरी तेच, `.env` सकट सगळं जातं.

तिसरी वाट कोणाच्या ध्यानात येत नाही: एररचा स्क्रीनशॉट. टेलिग्रामला विनंती जाते तेव्हा टोकन पत्त्यातच असतं. नेट गेलं की पायथन लालभडक एरर छापतं आणि त्यात `/bot` च्या पुढे पूर्ण टोकन दिसतं. आपण काय करतो? "भाऊ, हे काय येतंय?" म्हणून तोच स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. आधी टोकनवर काळा पट्टा मारा, मग पाठवा.

गिटहबही थोडी राखण करतं. २०२४ पासून सार्वजनिक रिपॉझिटरीत पुश करताना ओळखीच्या नमुन्याची चावी दिसली तर ते पुश अडवतं. पण राखणदार ओळखीच्या चेहऱ्यांनाच अडवतो. तुम्ही स्वतः ठरवलेला डेटाबेसचा पासवर्ड त्याला साधा शब्दच वाटेल. त्याच्या भरवशावर झोपू नका.

टोकन गेलंच तर

पहिलं काम कोड साफ करणं नाही, कुलूप बदलणं. टेलिग्रामवर बॉटफादरला `/revoke` पाठवा, बॉट निवडा. नवं टोकन मिळतं आणि जुनं तिथेच मरतं. नवं टोकन `.env` मध्ये टाकून बॉट पुन्हा सुरू करा. मोबाईलवर हे दोन मिनिटांचं काम आहे. जुनं टोकन मग इतिहासात पडून राहिलं तरी ते गंजलेल्या चावीसारखं, कुठलंच कुलूप उघडत नाही. इतिहास पुसायची साधनं आहेत, पण कोणी आधीच फोर्क किंवा क्लोन केला असेल तर त्याच्याकडची प्रत तुम्ही पुसू शकत नाही. म्हणून पुसणं नंतर, रद्द करणं आधी.

कोणी खरंच बॉट वापरत होतं का, याची एक खूण आहे. तुमचा बॉट एकाच ठिकाणी चालू असताना `409 Conflict` अशी एरर येत असेल आणि "only one bot instance" असं काही लिहिलं असेल, तर त्याच टोकनने दुसरीकडूनही मेसेज ओढले जात आहेत. एररमध्ये वेबहुक चालू असल्याचं लिहिलं असेल आणि तुम्ही वेबहुक लावलाच नसेल, तर तो दुसऱ्याने लावलाय. मात्र एरर आली नाही म्हणजे कोणी आलंच नाही, असं नाही. फक्त मेसेज पाठवणाऱ्याची अशी कुठलीच खूण उमटत नाही.

म्हणून रद्द केल्यावर बॉटवरूनच लोकांना साधा निरोप द्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बॉटकडून एखादी लिंक आली असेल तर उघडू नका, माहिती भरली असेल तर बँकेला कळवा. शेतकऱ्याला गिट काय ते ठाऊक नसतं. निरोप खरा की खोटा, एवढंच त्याला हवं असतं.

शेवटी एक मर्यादा. `.env` चालते ती चावी तुमच्या टर्मक्समध्ये किंवा तुमच्या सर्व्हरवर राहते तेव्हाच. तुम्ही अँड्रॉइड ॲप बनवून चावी ॲपच्या आत बांधली, तर कोड कितीही लपवा, एपीके उघडून कोणीही ती काढू शकतं. तिथे चावी सर्व्हरवर ठेवायची आणि ॲपने सर्व्हरशी बोलायचं. ते कसं, ते पुढच्या भागात. तोवर तुमच्या जुन्या रिपॉझिटरीत ती `git log` वाली कमांड एकदा चालवा आणि काय निघालं ते व्हॉइस नोटवर कळवा. टोकन मात्र वाचून दाखवू नका, बरं का!