डेअरीला आणखी एक माणूस हवा, पण का?

वाचकहो, आष्टी-पाटोद्याच्या बाजूला सकाळी दूध संकलन केंद्रावर उभे राहा. रांग लांबच लांब, आणि आत एकटाच गडी माप घेतो, फॅट तपासतो नि नोंदही करतो. सचिव म्हणतात, "आणखी एक माणूस द्या." संचालक मंडळ विचारते, "कशासाठी?" "काम फार आहे" एवढ्या उत्तरावर जागा मिळत नसते. मग कशावर मिळते? समजुतीसाठी एक हिशेब मांडून पाहू.

समजा, सभासद १२० आहेत. एकेका घागरीला माप ४० सेकंद, तपासणी ६० आणि नोंद २०, म्हणजे दोन मिनिटे लागतात. सारे मिळून चार तास झाले. शीतकरण केंद्राची गाडी मात्र अडीच तासांनी निघते. तोवर ७५ जणांचे दूध चढते. ४५ जणांचे उन्हात राहते. हे अंदाजाने सांगू नका. पंधरा दिवस नोंदवहीत वेळेचा रकाना ठेवा आणि गाडी निघताना रांगेत किती उरले ते रोज लिहा.

दुसरा माणूस आला, की एकाने माप-नोंद करावी, दुसऱ्याने तपासणी. दोघांनाही साठ सेकंदच लागतात; म्हणून काम दोन तासांत उरकते. पण तपासणीलाच ९० सेकंद लागत असतील, तर दोन माणसांनीही तीन तास लागतील आणि गाडी चुकेलच. तिथे माणूस नव्हे, दुसरे यंत्र मागावे लागेल.

आता खर्च. पगार महिना ६,००० धरला, तरी भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा यांचे आणखी १,००० धरा. वर्षाला ८४,००० झाले. नुसता पगार दाखवला, तर पुढच्या वर्षी मंडळ तुमच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवणार नाही.

आणि फायदा? वहीत दिसते, की उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत रोज ३० लिटर दूध नासते. ३० रुपये भावाने ९०,००० रुपये झाले. पण थांबा! सगळेच काही उशिराने नासत नाही. काही भांड्यांच्या अस्वच्छतेनेही नासते. गाडी चुकलेले तेवढेच मोजा. समजा ते दोन तृतीयांश भरले, तर ६०,००० उरतात. म्हणजे बारमाही जागा परवडत नाही! मात्र उन्हाळ्याच्या चार महिन्यांपुरता माणूस घेतला, तर खर्च २८,००० येतो आणि वाचतात ६०,०००.

एक गोष्ट विसरू नका. परत गेलेल्या दुधाचा तोटा सभासदाच्या घरी होतो, संस्थेच्या खात्यावर तो दिसत नाही. म्हणून तो अर्जात वेगळा लिहा. शेवटी एवढेच जोडा: महिन्याभराने तीच वही पाहू, रांगेतले ४५ जण कमी झाले नाहीत, तर जागा बंद करा. असा अर्ज मंडळाला सहज टाळता येत नाही.