दोनशे गिझर, एक रोहित्र

पुण्याजवळच्या टाउनशिपमधली एक दोनशे फ्लॅटांची इमारत घेऊ. प्रत्येक फ्लॅटमध्ये दोन गिझर, एक एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, दिवे-पंखे धरून जोडभार आठ किलोवॅट. दोनशेने गुणलं की १,६०० किलोवॅट. या आकड्यावर रोहित्र घेतलं, तर ते जन्मभर अर्धपोटी राहील. तेही फुकट नाही, कारण कोणी दिवा लावो न लावो, त्याच्या गाभ्यातला तोटा चोवीस तास चालूच असतो.

घरातली सगळी उपकरणं एकाच वेळी चालत नाहीत. एसी लावून कोणी दोन्ही गिझर तापवत बसत नाही. फ्लॅटची कमाल मागणी चार किलोवॅट धरली, तर ती जोडभाराच्या निम्मी झाली. हाच मागणी गुणांक, ०.५. पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण शेजाऱ्यांच्या वेळाही जुळत नाहीत. कोणाची आंघोळ सहाला, तर कोणाची नऊला. म्हणून रोहित्रापाशी पोचेपर्यंत घरटी दोनच किलोवॅट उरतात असं समजू. घरांचे ४००, लिफ्ट-पंपांचे ६०, मिळून ४६० किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.९ धरून भागलं की ५११ केव्हीए. बाजारात मिळणारं ६३० केव्हीएचं रोहित्र यावर सुमारे ८१ टक्के भरतं. (हे गुणांक इथे समजुतीसाठी धरले आहेत. मंजुरीला वितरण कंपनीचे निकष लागतात.)

उरलेली जागा पुढच्या वाढीसाठी. पण ती किती पुरेल?

साठ गाड्यांना ३.३ किलोवॅटचे चार्जर बसले आणि त्यातले निम्मे एकदम चालले, तर ९९ किलोवॅट, म्हणजे ११० केव्हीए वाढतात. सकाळच्या ५११मध्ये ते मिळवले की ६२१ होतात, रोहित्र काठोकाठ. गाड्या मध्यरात्रीनंतर चार्ज केल्या तर मात्र गिझरची गर्दी नसते, आणि तेच रोहित्र आरामात पुरतं. पण दोनशे घरांत सात किलोवॅटचे चार्जर आले, तर निम्मे चालले तरी ७०० किलोवॅट. म्हणजे आजच्या अख्ख्या इमारतीपेक्षा जास्त.

त्यासाठी आजच मोठं रोहित्र घेण्यापेक्षा दुसऱ्याचा चौथरा बांधून ठेवावा. रोहित्र नंतर आणता येतं, पॅनलची खोली नंतर ताणता येत नाही. ६३० केव्हीएचा पूर्ण भार ४३३ व्होल्टला ८४० अँपिअर होतो. मुख्य ब्रेकर १,००० अँपिअरचा, बसबार १,२५०चा आणि चार-पाच फीडर रिकामे ठेवले, तर पुढे भिंत फोडावी लागत नाही.

एक खोड मात्र हमखास राहते. रोहित्राचा इम्पिडन्स पाच टक्के असेल, तर शॉर्टसर्किटला सुमारे १७ हजार अँपिअर वाहतात. दोन रोहित्रं एकत्र जोडली की ३४ हजार. पॅनल २५ हजार सोसणारं असेल, तर ते फुटेल. म्हणून दोन इनकमर आणि मधला कपलर, असे तीन ब्रेकर, तिघांना तीन कुलपं, पण किल्ल्या दोनच. तिसरा ब्रेकर चालू करायला पहिल्या दोघांपैकी एक बंद करूनच किल्ली काढावी लागते.