श्रवणालेख कसा वाचावा

कानांची तपासणी झाल्यावर रुग्णाच्या हाती आखीव चौकटींचा एक कागद येतो. त्यास श्रवणालेख अथवा ऑडिओग्राम म्हणतात. त्याच्या डाव्या टोकास २५० हर्ट्झचा, खालच्या पट्टीतील जाड स्वर असतो. उजवीकडे जावे तसतशी पट्टी चढत जाऊन ८००० हर्ट्झच्या बारीक स्वरापर्यंत पोहोचते. उभ्या बाजूस आवाजाच्या तीव्रतेचे, म्हणजे डेसिबलचे आकडे असतात. मात्र ते वरून खाली वाढत जातात. बहुतेकांची फसगत येथेच होते. प्रत्येक स्वर जेमतेम ऐकू येऊ लागला तेथे खूण केलेली असते. ती जितकी खाली, तितका आवाज मोठा करावा लागला, अर्थात तितके कमी ऐकू येते, असे समजावे. उजव्या कानाची खूण तांबड्या वर्तुळाची व डाव्याची निळ्या फुलीची असते. प्रौढ माणसाच्या खुणा साधारणतः २० ते २५ डेसिबलच्या वर राहतात.

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात अनेक वर्षे यंत्रमाग चालविलेल्या एखाद्या विणकराचा आलेख कल्पनेने समोर ठेवू. २५० पासून १००० हर्ट्झपर्यंत दोन्ही कानांच्या खुणा १५-२० डेसिबलवर आहेत. २००० हर्ट्झला त्या ३० वर उतरतात. ४००० हर्ट्झला वर्तुळ ६० वर व फुली ६५ वर जाते. ८००० हर्ट्झला मात्र त्या पुन्हा ४० व ४५ पर्यंत वर येतात. ४००० जवळची ही खाच दीर्घकाळच्या गोंगाटाकडे बोट दाखविते. केवळ वयोमानाने आलेल्या बहिरेपणात रेषा सहसा उजवीकडे उतरतच जाते. दोन कानांतील ५ डेसिबलच्या फरकास येथे महत्त्व देऊ नये, कारण तपासणीत आवाजच ५-५ डेसिबलने कमीजास्त केला जातो.

या विणकरास हाक ऐकू येते, पण बाजारात 'सात' म्हटले की 'आठ' वाटते. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर 'स'सारख्या व्यंजनाची ओळख वरच्या पट्टीवर अवलंबून असते. म्हणूनच "ऐकू येते, पण समजत नाही" ही तक्रार खोटी नसते.

कानामागील हाडावर कंपक ठेवून घेतलेल्या तपासणीच्या खुणा कंसासारख्या असतात. त्या वर्तुळ-फुलीच्या लगत असल्यास दोष आतल्या कानात वा नसेत असतो. विणकराच्या आलेखात त्या तशाच आहेत. त्या बऱ्याच वर असतील, तर आवाज वाटेतच अडतो आहे, असे समजावे. मळ, पडद्याचे छिद्र किंवा पडद्यामागील पाणी ही त्याची नेहमीची कारणे असून त्यांवर पुष्कळदा उपचार होऊ शकतो.

पाळी संपवून थेट तपासणीस गेल्यास गोंगाटाने आलेला तात्पुरता बधिरपणाही आलेखात उमटतो व खाच खरीपेक्षा खोल दिसते. यास्तव रात्रभर, निदान १४ तास, गोंगाटापासून दूर राहून सकाळी कामावर जाण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.