एका मुलीच्या तीन राशी

‘तुझी रास कोणती?’ या प्रश्नाला दहावीतली मुलगी दोन उत्तरं देते. इन्स्टाग्रामवर ती सिंह असते आणि आजीच्या लेखी कर्क. जन्मतारीख एकच असली तरी दोघींनी आकाशात वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलेलं असतं. त्यात ‘रायझिंग साइन’ विचारणारी मैत्रीण भेटली की तिसरं उत्तर शोधावं लागतं.

पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि चंद्र ज्या पट्ट्यातून फिरताना दिसतात, त्याचे बारा समान भाग म्हणजे बारा राशी. जन्मवेळी सूर्य ज्या भागात असेल ती सूर्यरास, चंद्र असेल ती चंद्ररास, आणि त्या क्षणी पूर्व क्षितिजावर जो भाग उगवत असेल ती लग्नरास; हीच रायझिंग साइन. तिचा विवाहाशी काही संबंध नाही. सूर्य एका राशीत साधारण महिनाभर राहतो, चंद्र सव्वादोन दिवस, तर लग्नरास सरासरी दर दोन तासांनी बदलते.

यासाठी एक प्रसिद्ध कुंडली पाहावी: १५ ऑगस्ट १९४७ची मध्यरात्र, दिल्ली. ज्योतिषी स्वतंत्र भारताची कुंडली मांडतात ती याच क्षणाची. भारतीय पद्धतीने त्यात सूर्य कर्केत, चंद्रही कर्केत आणि लग्न वृषभ. समजा, आदल्या दिवशी, १४ तारखेच्या सकाळी दिल्लीत एक बाळ जन्मलं. त्याचा सूर्य कर्केतच, पण चंद्र अजून मिथुनेत. दुसरं बाळ १५ तारखेच्या सूर्योदयाला जन्मलं. त्याचे सूर्य-चंद्र मध्यरात्रीसारखेच कर्केत, पण लग्न वृषभ न राहता कर्क झालं. सूर्योदयाच्या क्षणी सूर्य स्वतःच पूर्व क्षितिजावर असतो, त्यामुळे तेव्हा लग्नरास आणि सूर्यरास एकच येते. पहाटे जन्मलेल्या कुणालाही आपली पत्रिका ढोबळमानाने तपासायला ही खूण पुरते.

ज्योतिषाच्या परंपरेत या तिघांना वेगवेगळी कामं दिली आहेत. सूर्यावरून माणसाचा स्वाभिमान आणि इच्छाशक्ती पाहतात. चंद्र मनाचा कारक: भावना, सवयी, आईशी नातं. लग्नावरून शरीर, चेहरामोहरा आणि पहिल्या भेटीत पडणारी छाप. पाश्चात्त्य ज्योतिष सूर्याला पुढे ठेवतं, तर महाराष्ट्रात नुसतं ‘रास’ म्हटलं की चंद्ररासच अभिप्रेत असते. बारशाला नावाचं अक्षर निघतं तेही चंद्राच्या नक्षत्रावरून.

पण इन्स्टाग्राम आणि आजी यांच्यातला फरक एवढ्यानेच संपत नाही. त्याच मध्यरात्रीचा सूर्य पाश्चात्त्य पद्धतीने सिंहेत येतो. चंद्र मात्र दोन्ही पद्धतींत कर्केतच राहतो. याचं कारण संक्रांतीत सापडतं. आपल्याकडे सूर्य मकरेत शिरतो १४ जानेवारीच्या सुमारास, पाश्चात्त्य ज्योतिषात तो २२ डिसेंबरच्या आसपासच मकरेत गेलेला असतो. पाश्चात्त्य पद्धत, म्हणजे सायन, राशी मोजायला वसंतसंपातापासून सुरुवात करते. मार्चमध्ये दिवसरात्र समान होतात तो बिंदू. भारतीय निरयन पद्धत ताऱ्यांना धरून मोजते. पृथ्वीचा अक्ष सावकाश डोलत असल्याने संपातबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. साठत साठत हे अंतर आज २४ अंशांच्या आसपास गेलं आहे. म्हणून बहुतेक मुलांची सूर्यरास निरयन पद्धतीत एक घर मागे जाते. अ‍ॅपमध्ये दोन ठिकाणी दोन उत्तरं आली, तर आधी कोणती पद्धत निवडली आहे ते पाहावं.

दुसरी चूक वेळेची. सूर्यराशीला बहुधा तारीख पुरते. चंद्रराशीलाही बऱ्याचदा पुरते, मात्र त्याच दिवशी चंद्राने रास बदलली असेल तर वेळ लागतेच. लग्नाला मात्र वेळ आणि गाव दोन्ही हवंच. रात्री साडेबारा ऐवजी दुपारी साडेबारा भरलं, तर लग्न थेट समोरच्या राशीच्या आसपास जातं. ‘सकाळी कधीतरी’ एवढंच घरच्यांना आठवत असेल, तर लग्नरास सांगताच येत नाही, हे प्रामाणिक उत्तर.

आकाशातली ही स्थानं गणिताने निघतात आणि ती अचूक तपासता येतात. त्यांवरून स्वभाव किंवा बुद्धी कळते का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याची चाचणी पुण्यात झाली आहे. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सुमारे ४६ टक्के निघालं. नाणं उडवून ठरवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.